नावाची जागा रिकामी सोडू नका

"मी चाकणजवळच्या ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या एका कंपनीत मटेरियल्स विभाग बघते. 11 वर्षं झाली. आता बदल करायचाय, पण आमचे एमडी फार मनाला लावून घेतात. कुणी बाहेर बघतंय असं कळलं की त्याला हळूहळू बाजूला टाकतात. म्हणून रेझ्युमेत कंपनीचं नाव न देता 'एक नामांकित कंपनी' एवढंच लिहिलं. कन्सल्टंट म्हणतो, असा रेझ्युमे क्लायंट उघडूनसुद्धा बघत नाही. नाव घातलं तर चाकणमध्ये बातमी पसरायला दोन दिवस लागत नाहीत. आकडे दिले तर ओळखू येईल, नाही दिले तर 11 वर्षांत केलं काय तेच दिसत नाही. रेझ्युमे सोबत पाठवतेय. काय करू?"

ताई, तुमचा कन्सल्टंट अर्धंच खरं बोलतोय. 19 वर्षं एचआरमध्ये असताना नाव नसलेले कितीतरी रेझ्युमे मी पुढे पाठवले आणि त्यातली माणसं घेतलीही. जे बाजूला ठेवले, त्यांत नावाच्या जागी काहीच नव्हतं. 'एक नामांकित कंपनी' म्हटलं की त्यात भोसरीतलं वीस माणसांचं वर्कशॉपही बसतं आणि दोन हजार माणसांचा कारखानाही. वाचणाऱ्याला तुमच्या कंपनीचं नाव हवं असतं ते तिचा आकार कळावा म्हणून. 'मटेरियल्स विभाग बघते' म्हणजे एका स्टोअरची किल्ली सांभाळते की शंभर-दीडशे पुरवठादारांचं वेळापत्रक सांभाळते, हे त्याला त्या नावावरून ठरवायचं असतं. तो आकार तुम्ही दुसऱ्या रस्त्याने दिलात, तर पहिल्या फेरीत नाव कुणी मागत नाही.

आधी हे बघू की आपण लपतोय कुणापासून. सगळ्या जगापासून लपणं जमणार नाही. वर तुमचं स्वतःचं नाव आहे, आणि ते लिंक्डइनवर टाकलं की पहिल्याच ओळीत कंपनी दिसते. ज्याला मुद्दाम शोधायचंय त्याला दोन मिनिटं लागतात. मग नाव झाकून उपयोग काय? उपयोग आहे, कारण बातमी फुटते ती बहुतेक वेळा उलट्या दिशेने. मी ज्या कंपनीत होते तिथे आमच्या टीममधला एक मुलगा दर सोमवारी सकाळी नोकरीच्या पोर्टलवर लॉगिन करून शोधाच्या चौकटीत आमच्याच कंपनीचं नाव टाकायचा. गेल्या सात दिवसांत प्रोफाइल अपडेट केलेली आमची माणसं कोण, याची यादी दुपारपर्यंत डिपार्टमेंट हेडच्या टेबलावर असायची. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं आणि मी ते थांबवू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तुमच्याकडेही असं कुणीतरी करत असणार हे धरूनच चाला. तो शोध शब्दावर चालतो. चौकटीत भरलेला शब्द, आणि अनेकदा जोडलेल्या फाइलच्या मजकुरातलाही. तो शब्दच नसेल तर तुमचं पान त्या यादीत येत नाही.

दुसरा धोका ओळखीच्या माणसाचा. तुमचं पान ज्या कंपनीत जाईल तिथला खरेदी विभागातला कुणीतरी पूर्वी तुमच्या प्लांटमध्ये ऑडिटला येऊन गेलेला असतो. त्याच्यापासून वाचायचं तर नाव काढून भागत नाही, वर्णनही जपून करावं लागतं.

तर नावाच्या जागी काय लिहायचं? तुम्ही पाठवलेल्या पानावर खाली, छोट्या अक्षरात, कंपनीबद्दल बरंच आहे: चाकण, ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग, 430 कोटींची उलाढाल, जर्मन भागीदार, महाराष्ट्रात दोन आणि साणंदला एक प्लांट, दुचाकी आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे ग्राहक. (तुमची ओळख राहू नये म्हणून इथले तपशील आणि आकडे मी थोडे बदलून छापतेय. हिशेब तोच.) यातली एकेक गोष्ट घ्या आणि स्वतःला विचारा, हे लागू पडेल अशा किती कंपन्या मला माहीत आहेत? 'पुणे परिसरातली ऑटो कॉम्पोनंट कंपनी' म्हटलं तर कितीही. त्यात 'डाय-कास्टिंग' आलं की पंधरा-वीस राहतात. 'जर्मन भागीदार' जोडला की तीन-चार. 'साणंदला प्लांट' म्हटलं की एकच, आणि चाकणमधला कुणीही चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तुमच्या कंपनीचं नाव घेईल. सुटी सुटी बघितली तर यातली एकही गोष्ट गुपित नाही. ती एका ओळीत आली की नाव होऊन बसते.

मी उमेदवारांना सांगत आले ती पद्धत अशी. कागदावर तुमच्या पट्ट्यातल्या, तुम्हाला माहीत असलेल्या सगळ्या कंपन्यांची नावं लिहा. मग वर्णनातली एकेक गोष्ट लावून न बसणारी नावं खोडत चला. निदान आठ-दहा नावं उरली तर वर्णन चालेल. दोन-तीनच उरली तर एखादी गोष्ट काढा. कुठली काढायची? समोरच्या कामाला जिचा उपयोग नाही ती. प्रॉडक्शनच्या माणसाला 'डाय-कास्टिंग' ठेवावंच लागतं, कारण मशीनचं टनेज आणि साच्यांचं ज्ञान हेच त्याचं भांडवल. तुमचं तसं नाही. मटेरियल्सच्या माणसाकडून समोरच्याला हवं असतं ते किती पार्ट नंबर, किती पुरवठादार, किती प्लांट, ग्राहकाचं वेळापत्रक रोज बदलतं की महिन्याला. कच्चा माल ॲल्युमिनियम की स्टील हे मुलाखतीत सांगता येईल, तेव्हा 'कास्टिंग आणि मशीनिंग' एवढं पुरे. जर्मन भागीदार हा निव्वळ दागिना आहे, काढा. साणंद काढा, 'दोन राज्यांत तीन प्लांट' ठेवा. मालाची ने-आण राज्याबाहेर करण्याचा अनुभव त्यातून कळतो आणि गावाचं नाव कळत नाही. चाकणऐवजी 'पुणे परिसर' लिहा.

उलाढालीचा नेमका आकडा देऊ नका, तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी. तिचा ताळेबंद दरवर्षी कंपनी रजिस्ट्रारकडे दाखल होतो आणि ठरलेली फी भरून तो कुणालाही बघता येतो. '432.6 कोटी' असं लिहिलं की जुळवणाऱ्याला एकच उत्तर मिळतं. '400 ते 500 कोटींच्या गटातली' म्हटलं की वाचणाऱ्याचं काम होतं आणि तुमचंही. माणसांचंही तसंच, 'सुमारे 600 कामगार-कर्मचारी'.

पदाबद्दल एक गोष्ट. तुमच्या पानावर जे लांबलचक पद आहे, शेवटी 'एक्सलन्स' लागणारं, ते तुमच्याच कंपनीने घडवलेलं दिसतंय. असं पद दुसरीकडे सहसा सापडत नाही, म्हणजे तेही नावासारखंच शोधता येतं. त्याऐवजी 'मटेरियल्स विभागप्रमुख, थेट प्लांट हेडला उत्तरदायी' असं लिहा. कुणाच्या हाताखाली काम करता हे सांगितलं की पदाचं वजन आपोआप कळतं. मात्र पद वाढवून लिहू नका. पुढे पडताळणीच्या फॉर्मवर अधिकृत पद लिहावं लागतं, आणि तिथे साध्या शब्दांतलं पद चालून जातं, वरचं चालत नाही.

आता आकडे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हाच पेच, आणि तो सुटतो.

तुम्ही लिहिलंय: 'स्टोअर्समधला साठा दोन वर्षांत 41 कोटींवरून 26 कोटींवर आणला.' हा आकडा रुपयांत आहे, म्हणून त्याच्या दोन अडचणी होतात. एक म्हणजे तो तुमच्या कंपनीच्या अंतर्गत अहवालातला आकडा आहे. तुमच्या एमडींनी, फायनान्सवाल्यांनी, बँकेच्या माणसाने तो तसाच्या तसा बघितलाय. दुसरी अडचण अशी की बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही. 15 कोटी कमी झाले हे खरं, पण धंदाच बसला असेल तर साठा आपोआप उतरतो, त्यात मटेरियल्सवाल्यांचं काय कौतुक?

हाच आकडा दिवसांत मांडून बघा. दोन वर्षांपूर्वी उलाढाल 390 कोटी होती, साठा 41 कोटी. 41 ला 390 ने भागून 365 ने गुणलं की साधारण 38 दिवस येतात. म्हणजे 38 दिवसांच्या विक्रीएवढा माल अंगावर पडून होता. आज उलाढाल 430 आणि साठा 26, त्याचे येतात 22 दिवस. 38 वरून 22. रुपयांत बघितलं तर घट 37 टक्के दिसते. दिवसांत बघितलं तर ती 42 टक्के आहे, कारण मधल्या काळात धंदा वाढला आणि तरीही माल कमी लागला. तुमचं खरं काम त्या वाढलेल्या धंद्यात दडलंय आणि रुपयाच्या आकड्याने ते झाकून टाकलं होतं. वर दिवसांच्या आकड्यावरून कंपनी ओळखता येत नाही. 22 दिवस साठा असलेल्या कंपन्या पुणे परिसरात पुष्कळ असतील.

(काही जण दिवस विक्रीवर न काढता मालाच्या खर्चावर काढतात, आणि ते जास्त काटेकोर आहे. तुम्ही कशावर काढलेत ते ओळीत दोन शब्दांत लिहा. मुलाखतीत फायनान्सचा माणूस बसला असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारणार.)

प्रीमियम फ्रेटचंही असंच करा. वेळेत माल न निघाल्याने स्पेशल टेम्पो किंवा विमानाने पाठवावा लागतो, त्याचा खर्च तुम्ही 3 कोटी 10 लाखांवरून 65 लाखांवर आणलात. विक्रीच्या प्रमाणात तो 0.8 टक्क्यांवरून 0.15 टक्क्यांवर आला. ऑटो क्षेत्रातला कुणीही हे वाचून थबकेल, कारण हा खर्च कमी करायचा तर प्लॅनिंग, प्रॉडक्शन आणि डिस्पॅच तिघांना एका रांगेत आणावं लागतं. त्याला कोटींचा आकडा लागत नाही.

पण सगळंच टक्क्यांत नेऊ नका, ही चूक नाव लपवणारे हमखास करतात. 'खर्च 30 टक्क्यांनी घटवला, कार्यक्षमता 25 टक्क्यांनी वाढवली' अशा ओळी वाचून मी कंटाळलेली आहे. कशाचे 30 टक्के तेच कळत नाही. टक्क्याला पाया लागतो. म्हणून आकार एकदा, वर्णनात, गटाने सांगायचा: 400 ते 500 कोटी, तीन प्लांट, 1,800 च्या आसपास पार्ट नंबर, 130 ते 150 पुरवठादार, 30 हून जास्त माणसांची टीम. मग खाली प्रमाणं द्यायची. ज्याला हवं तो दोन्ही जोडून अंदाजे रक्कम काढतो, आणि ती अंदाजेच राहते.

सगळं जुळवल्यावर तुमच्या सध्याच्या नोकरीचा भाग असा दिसेल. इंग्रजीत उतरवताना शब्द तुमचे वापरा, बांधणी ही ठेवा:

> ऑटो कॉम्पोनंट उत्पादक (कास्टिंग आणि मशीनिंग), पुणे परिसर
> 400–500 कोटी उलाढालीच्या गटातली कंपनी, दोन राज्यांत तीन प्लांट, सुमारे 600 कर्मचारी. सध्या नोकरीत असल्याने नाव दिलेलं नाही. पहिल्या चर्चेत सांगेन.
>
> मटेरियल्स विभागप्रमुख, थेट प्लांट हेडला उत्तरदायी
> सुमारे 1,800 पार्ट नंबर, 130–150 पुरवठादार, 30 हून अधिक जणांची टीम.
>
> साठा दोन वर्षांत 38 दिवसांवरून 22 दिवसांवर (विक्रीच्या हिशेबाने), याच काळात विक्री सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेली. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या मालाची विभागणी, पुरवठादारांना आठवड्याऐवजी रोजचं वेळापत्रक.
>
> प्रीमियम फ्रेट विक्रीच्या 0.8 टक्क्यांवरून 0.15 टक्क्यांवर.

'हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या मालाची विभागणी' ही अर्धी ओळ मी मुद्दाम घातली. तुमच्या पानावर निकाल होते, कसं केलं ते नव्हतं. नाव नसताना विश्वास बसतो तो याच भागावर. आकडा कुणीही टाकू शकतो. पुरवठादाराचं वेळापत्रक रोजचं केल्यावर सुरुवातीला काय बोंबाबोंब झाली, हे केलेल्या माणसालाच माहीत असतं. आधीच्या दोन कंपन्यांची नावं मात्र उघड लिहा. तिथल्या वर्षांमुळे पानाला आधार मिळतो.

आता पान पुन्हा वाचा आणि तुमच्या कंपनीच्या घरातले शब्द शोधा. आमच्याकडच्या एका इंजिनिअरची गोष्ट सांगते. त्याने नाव काढलं होतं, गाव काढलं होतं, आकडेही टक्क्यांत होते. पण मध्ये एक ओळ होती, 'ऑपरेशन झेपचं नेतृत्व'. हे नाव आमच्या एमडींनी एका वार्षिक सभेत ठेवलेलं. एका कन्सल्टंटने ते पान नकळत आमच्याच दुसऱ्या प्लांटकडे पाठवलं. तिथल्या व्यवस्थापकाने त्या ओळीवर पिवळा मार्कर ओढून प्रिंट आमच्या ऑफिसला धाडली. ती प्रिंट माझ्या हातात होती. त्या वर्षी त्याची बढती थांबली आणि कारण म्हणून कागदावर भलतंच काहीतरी लिहिलं गेलं. तेव्हा मोहिमांची नावं, कंपनीची बक्षिसं, 'चेअरमन्स ट्रॉफी' वगैरे, घरात बनवलेल्या सॉफ्टवेअरचं नाव, हे सगळं साध्या शब्दांत उतरवा. तुमच्या पानावर असं एक बक्षीस आहे. 'सलग दोन वर्षं कंपनीचा सर्वोच्च विभागीय पुरस्कार' एवढं लिहा.

ग्राहकांची नावं काढा. ती ओळख पटवतात, शिवाय ती तुमची नाहीत. नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम असतं. ग्राहक, दर, प्रति किलो भाव, पुरवठादारांची नावं हे त्यात येतं. बऱ्याच जणांना वाटतं, कंपनीचं नाव झाकलंय तर आतलं काहीही लिहिलं तरी चालतं. तसं होत नाही, कारण पंधरा दिवसांनी तुम्ही मुलाखतीत नाव सांगणार आणि तेच पान त्यांच्या फाइलमध्ये असणार. म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासा: आज नाव नसताना ही ओळ कंपनी सांगते का, आणि उद्या नाव जोडलं तर ही ओळ कंपनीचं गुपित फोडते का.

फाइलमध्येही नाव लपून बसतं. तुमची वर्डची फाइल मी उघडली आणि प्रॉपर्टीजमध्ये तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव दिसलं, कारण ती ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवलीय. घरच्या मशीनवर नवीन फाइल उघडून मजकूर त्यात टाका. मग वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथे जाऊन लेखकाची आणि कंपनीची माहिती पुसा, त्यानंतर पीडीएफ करा आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजही एकदा बघा. फाइलच्या नावात फक्त तुमचं नाव ठेवा. मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर बदला. तुमच्या पानावर दोन नंबर आहेत, त्यातला एक मला कंपनीचा वाटतो.

पोर्टलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या पदाच्या आणि तुमच्या पट्ट्यातल्या माणसाने शोधता येईल असं प्रोफाइल ठेवू नये. naukri.com वर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे आणि ती वापरावी. ग्रुपमधल्या भावंड कंपन्या आणि कंपनीचं जुनं नावही त्यात घालावं. पण तुमच्या कंपनीचं काम करणारा कन्सल्टंट त्याच्या स्वतःच्या लॉगिनने शोधतो, तो अडत नाही. लिंक्डइनवर `Open to work` लावलंत तर `Recruiters only` निवडा. त्यात तुमच्या कंपनीच्या रिक्रूटर्सना ते दिसू नये असा प्रयत्न केला जातो, पण पूर्ण हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. तिथलं कंपनीचं नाव मात्र काढू नका. 11 वर्षं असलेलं नाव एका रात्रीत गेलं तर तीच बातमी होते. फक्त रेझ्युमेतली वाक्यं लिंक्डइनवर जशीच्या तशी टाकू नका, नाहीतर एक ओळ शोधली की दोन्ही पानं जुळतात.

त्यापेक्षा निवडक दोन कन्सल्टंट धरा आणि त्यांच्याकडूनच जा. त्यांना फोनवर कंपनीचं नाव सांगा. त्यांच्यापासून लपवलंत तर ते तुम्हाला तुमच्याच ग्राहकाकडे पाठवून बसतील. नाव सांगण्याआधी मात्र ते ज्या फर्मचं नाव घेतात तिच्या अधिकृत ईमेलवरून एक मेल मागवा, कारण कन्सल्टंट म्हणून फोन करणारा नेमका कोण आहे हे फोनवरून कळत नाही. मग त्यांना लिहून पाठवा: 'माझा रेझ्युमे प्रत्येक वेळी क्लायंटचं नाव सांगून, माझा लेखी होकार आल्यावरच पाठवावा.' जो यावर कुरकुर करेल त्याला सोडा. 'एका प्रतिष्ठित कंपनीसाठी' अशा निनावी जाहिरातीला थेट अर्ज करू नका. ती कंपनी तुमचीच असू शकते, आणि हे मी घडलेलं पाहिलंय.

कंपन्यांच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीची चौकट भरावीच लागते. तिथे `Confidential` लिहा. दुसऱ्या कंपनीचं नाव, किंवा बंद पडलेल्या जुन्या कंपनीचं नाव, कधीही लिहू नका. नाव न सांगणं ही तुमची गरज आहे हे समोरचा समजून घेतो. खोटं नाव लिहिलं तर खाली सही केलेलं 'वरील माहिती खरी आहे' हे वाक्य तुमच्यावर उलटतं. पुढे यूएएन मागतात, आणि पीएफच्या नोंदीत तुम्ही कुठे कधी नोकरी केलीत ते सगळं असतं.

नाव कधी सांगायचं? पहिला फोन झाला, काम काय आहे कळलं, समोरचा माणूस खरोखर त्या कंपनीचा आहे याची खात्री झाली, की त्याच फोनच्या शेवटी. त्यापुढे ताणू नका. दुसऱ्या फेरीलाही नाव गुलदस्त्यात असेल तर लोकांना शंका येते, आणि ती रास्त आहे. सांगताना एकच विनंती करा की ऑफर हातात येऊन राजीनामा दिला जाईपर्यंत सध्याच्या कंपनीत कुणाकडे विचारणा करू नये. पडताळणीच्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी संपर्क करावा का असा प्रश्न बहुधा असतो, तिथे 'राजीनाम्यानंतर' लिहा. तोवर आधीच्या कंपनीतले दोन वरिष्ठ संदर्भ म्हणून द्या. पगाराच्या पावत्या कन्सल्टंटला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ऑफरची बोलणी सुरू झाली की थेट कंपनीच्या एचआरला द्या.

नवीन पान तयार झालं की आधी ते अशा एका माणसाला दाखवा जो पूर्वी तुमच्याच पट्ट्यात काम करायचा आणि आता दुसऱ्या शहरात आहे, तोंडाचा पक्का आहे. वरचं तुमचं नाव कागदाने झाका आणि फोटो पाठवा. विचारा, ही कुठली कंपनी? त्याने तीन-चार नावं घेतली आणि 'यातली एखादी असेल' म्हणाला तर पाठवायला हरकत नाही. पहिल्या फटक्यात बरोबर सांगितलं तर कुठल्या शब्दावरून ओळखलं ते विचारून घ्या, तो शब्द काढा, आणि नवीन पान दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. त्याच माणसाला पुन्हा नको, त्याला आता उत्तर माहीत आहे.